फँटसी प्रीमियर लीग: कर्णधार आधी ठरवा, ट्रान्सफर त्यामागून येतील

गोव्यात फुटबॉल पाहणारा माणूस सामना वाचायला लहानपणापासून शिकलेला असतो, त्यामुळे इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या खऱ्या खेळाडूंचा संघ करून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवण्याचा हा फँटसी खेळ आपल्याला सहज जमेल असे त्याला वाटते. प्रत्यक्षात फोंडा, डिचोली, म्हापसा येथील मित्रमंडळींच्या खासगी लीगमध्ये नव्याने उतरलेले बहुतेक जण पहिल्या दोन महिन्यांतच मागे पडतात. त्यांना खेळाडू ओळखता येत नाहीत असे नसते. ते दर आठवड्याला फक्त त्याच आठवड्याचा विचार करतात, एवढेच. हा लेख पंधरा खेळाडूंचा संघ कसा निवडावा याविषयी नाही. संघ निवडून झाल्यावर अडतीस आठवड्यांत कर्णधार कोणाला करावे आणि ट्रान्सफर, म्हणजे एका खेळाडूच्या जागी दुसरा आणण्याची संधी, केव्हा वापरावी, या दोनच प्रश्नांविषयी तो आहे. हे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत असे माझे मत आहे, आणि पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

हाताशी काय हवे

- पुढच्या सहा गेमवीकचे, म्हणजे लीगच्या सामन्यांच्या फेऱ्यांचे, सामने लिहिता येतील असा एक तक्ता. वही चालेल, स्प्रेडशीटही चालेल.
- प्रत्येक क्लबने घरच्या मैदानावर आणि बाहेर किती गोल केले व किती स्वीकारले, याचे आकडे. प्रीमियर लीगच्या संकेतस्थळावरील गुणतक्त्यात ते मिळतात.
- एफए कप, लीग कप आणि युरोपीय स्पर्धांच्या तारखा.
- चालू हंगामाचे नियम. ते दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून गेल्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नका.

## १. डेडलाइन आपल्या घड्याळात बसवा

गेमवीकमधील पहिला सामना सुरू होण्याच्या ९० मिनिटे आधी संघ बंद होतो. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी साडेबाराला पहिला सामना असेल, तर उन्हाळी वेळेत आपल्याकडे दुपारचे साडेतीन ही डेडलाइन होते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे जातात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा पुढे येतात. मधल्या काळात तीच डेडलाइन आपल्याकडे साडेचारला पडते. शुक्रवारी रात्री आठला पहिला सामना असेल, तर आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे अकरा आणि हिवाळ्यात मध्यरात्रीचे बारा वाजतात. शनिवारची सवय लागलेल्यांची डेडलाइन चुकते ती बहुधा या शुक्रवारांना. चवथही हंगामाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत येते. गावच्या घरी जाण्यापूर्वी कर्णधार आणि उपकर्णधार नोंदवून ठेवावेत. नंतर बातमी आली तर ते बदलता येतात.

## २. काठिण्याचा तक्ता स्वतः करा

खेळाच्या संकेतस्थळावर प्रत्येक सामन्याला १ ते ५ अशी काठिण्यपातळी दिलेली असते आणि ती रंगांनी दाखवतात. नवखा खेळाडू हिरवे चौकोन मोजतो आणि त्यावर निर्णय घेतो. ही पातळी निरुपयोगी नाही, पण तिच्यात एक मोठी उणीव आहे: आघाडीवीरासाठी सोपा सामना आणि बचावपटूसाठी सोपा सामना या दोन वेगळ्या गोष्टी असताना ती दोघांना एकच आकडा देते.

२०२४-२५ च्या हंगामातील दोन क्लब पाहा. टॉटनहॅम १७व्या स्थानी राहिला. त्याने ६४ गोल केले आणि ६५ स्वीकारले. एव्हर्टन १३व्या स्थानी राहिला. त्याने ४२ गोल केले आणि ४४ स्वीकारले. नुसते स्थान पाहिले तर टॉटनहॅम हा सोपा प्रतिस्पर्धी ठरतो. तुमच्या आघाडीवीरासाठी तो खरोखरच सोपा होता, परंतु तुमचा बचावपटू टॉटनहॅमविरुद्ध क्लीन शीट राखेल ही अपेक्षा चुकीची ठरली असती, कारण तो संघ गोल स्वीकारत होता तसेच करतही होता. एव्हर्टनच्या बाबतीत चित्र उलटे होते. तिथे बचावपटूला क्लीन शीटच्या चार गुणांची आशा धरता येत होती आणि कर्णधाराला मात्र गोल मिळवण्यासाठी झगडावे लागत होते.

म्हणून तक्त्यात प्रत्येक क्लबच्या दोन ओळी ठेवा. आक्रमणाच्या ओळीत प्रतिस्पर्ध्याने स्वीकारलेले गोल लिहा आणि बचावाच्या ओळीत प्रतिस्पर्ध्याने केलेले गोल लिहा. दोन्ही ठिकाणी घरचे आणि बाहेरचे आकडे वेगळे ठेवा. कर्णधार निवडताना बहुतेक वेळा पहिलीच ओळ पाहावी लागते. पहिल्या सहा-सात गेमवीकपर्यंत चालू हंगामाचे आकडे फार थोडे असतात, म्हणून तोवर मागील हंगामाचे आकडे सोबत ठेवावेत. नव्याने वर आलेल्या तीन क्लबांना त्या वर्गातील मागील आकडे नसतात. त्यांच्याविषयीचा निर्णय सामने पाहूनच घ्यावा.

## ३. सहा आठवड्यांचे कर्णधार एका ओळीत लिहा

आता ट्रान्सफरचा विचार बाजूला ठेवा आणि पुढच्या सहा गेमवीकसमोर फक्त कर्णधाराचे नाव लिहा. कर्णधाराचे गुण दुप्पट होतात, त्यामुळे संघातील दुसऱ्या कोणत्याही निर्णयापेक्षा या निर्णयाचे वजन अधिक असते.

नाव लिहिताना तीन गोष्टी याच क्रमाने पाहा. पहिली, तो खेळाडू पूर्ण सामना खेळेल का. त्याचा संघ मंगळवारी किंवा बुधवारी युरोपात खेळणार असेल, तर शनिवारी त्याला विश्रांती मिळण्याची शक्यता वाढते. दुसरी, संघाच्या पेनल्टी आणि फ्री किक तोच घेतो का. तिसरी, प्रतिस्पर्धी कोण. बहुतेक नवखे हा क्रम उलटा लावतात, म्हणजे आधी सोपा सामना शोधतात आणि मग त्या सामन्यातला एखादा मध्यम खेळाडू कर्णधार करतात. २०२४-२५ मध्ये लिव्हरपूलच्या मोहम्मद सालाहने २९ गोल आणि १८ असिस्टच्या बळावर ३४४ गुण मिळवले, आणि त्यातले पुष्कळ गुण कठीण समजल्या जाणाऱ्या सामन्यांत आले. असा खेळाडू संघात असेल तर काठिण्याचा तक्ता त्याला वगळण्यासाठी वापरू नये. दोन तुल्यबळ उमेदवारांतून एकाची निवड करण्यासाठी तो वापरावा.

मध्यरक्षकाला गोलाचे ५ गुण आणि आघाडीवीराला ४ गुण मिळतात, शिवाय मध्यरक्षकाला क्लीन शीटचा १ गुण मिळतो. दोन उमेदवार अगदी बरोबरीचे वाटत असतील, तर हा फरक पारडे झुकवायला पुरेसा आहे.

ओळ लिहून झाली की तिच्यात रिकाम्या जागा दिसतील. एखाद्या गेमवीकला तुमच्याकडे कर्णधार करण्याजोगा एकही खेळाडू नसतो, तर एखाद्या गेमवीकला तिघे असतात. ट्रान्सफर करायची ती या रिकाम्या जागांसाठी.

## ४. उपकर्णधाराकडे दुर्लक्ष करू नका

कर्णधार एक मिनिटही खेळला नाही, तरच त्याचा दुप्पट गुणांचा हक्क उपकर्णधाराकडे जातो. तो ८५व्या मिनिटाला बदली म्हणून उतरला, तर त्याच्या एका गुणाचे दोन होतील आणि उपकर्णधाराच्या गोलांचा तुम्हाला दुप्पट लाभ मिळणार नाही. त्यामुळे विश्रांती मिळण्याची शंका असलेला खेळाडू हा पूर्ण जायबंदी खेळाडूपेक्षा अधिक धोकादायक कर्णधार असतो. उपकर्णधार शक्यतो दुसऱ्या सामन्यातला निवडा, कारण एखादा सामना ऐन वेळी पुढे ढकलला गेला तर त्यातले दोघेही एकदमच हातचे जातात.

## ५. ट्रान्सफर साठवा, आणि चार गुण केव्हा मोजायचे ते ठरवा

दर गेमवीकला एक मोफत ट्रान्सफर मिळते. न वापरलेली ट्रान्सफर साठते आणि २०२४-२५ पासून अशा पाच ट्रान्सफर साठवता येतात. त्याआधी ही मर्यादा दोन होती. मोफत संख्येच्या वरच्या प्रत्येक ट्रान्सफरला ४ गुण वजा होतात.

मागच्या आठवड्यात ज्याने दोन गोल केले त्याला आणण्यात बहुतेकांच्या ट्रान्सफर खर्ची पडतात. तुम्ही तक्त्यात वळणाचा आठवडा शोधा, म्हणजे जिथे एका क्लबचे सोपे सामने संपतात आणि दुसऱ्याचे सुरू होतात तो आठवडा. वळणावर दोन-तीन ट्रान्सफर एकदम हाताशी असल्या, तर एका महागड्या खेळाडूची रक्कम दोन जागांत वाटून संघाचा आकार बदलता येतो. एकेका ट्रान्सफरने ते होत नाही. पाच साठल्यानंतरची पुढची ट्रान्सफर मात्र वाया जाते, म्हणून त्या टप्प्यावर काही ना काही बदल करावाच.

चार गुण मोजून ट्रान्सफर करावी का, याचे उत्तर कर्णधारपदावर अवलंबून असते. समजा, तुमच्याकडील सर्वोत्तम उमेदवाराकडून ५ गुणांची अपेक्षा आहे आणि दुसऱ्या एका खेळाडूकडून ३ गुणांची. या दुसऱ्याला काढून तुम्ही ७ गुणांची अपेक्षा असलेला खेळाडू आणला आणि त्यालाच कर्णधार केले.

- आधी: ५ × २ + ३ = १३
- नंतर: ७ × २ + ५ = १९, त्यातून ४ वजा केले तर १५

दोन गुणांचा फायदा झाला. आता कर्णधार न बदलता ३ गुणांच्या जागी ५ गुणांचा खेळाडू आणला असे समजा: दोन गुण मिळाले, चार गेले, म्हणजे दोनचा तोटा झाला. तो भरून निघायला नव्या खेळाडूने आणखी काही आठवडे तेवढाच सरस राहायला हवे. या अपेक्षा तुमच्या अंदाजाच्या असतात, आणि आवडत्या खेळाडूचा अंदाज माणूस नेहमी चढाच लावतो. म्हणून फायदा दोन गुणांपेक्षा कमी दिसत असेल तर थांबावे.

ट्रान्सफर आठवड्यात केव्हा करावी, हाही प्रश्न आहे. ज्याला पुष्कळ लोक आणतात त्या खेळाडूची किंमत खेळातल्या ०.१ दशलक्ष पौंडांनी वाढते, आणि ती गाठण्यासाठी नवखे लोक रविवारी रात्रीच ट्रान्सफर उरकतात. मग बुधवारी तो खेळाडू युरोपात लंगडत बाहेर येतो. किमतीतल्या वाढीचा निम्माच वाटा, तोही खालच्या ०.१ पर्यंत उतरवून, विकताना हाती येतो: ८.० ला घेतलेला खेळाडू ८.३ झाला, तर विकताना ८.१ मिळतात. एवढ्यासाठी घाई करण्यात अर्थ नाही. प्रशिक्षकांच्या पत्रकार परिषदा बहुधा सामन्याच्या एक-दोन दिवस आधी होतात. त्यांतील जायबंदी खेळाडूंची माहिती ऐकूनच ट्रान्सफर करावी. त्या ०.१ अभावी तुमचा ठरलेला बदल अडणार असेल, तेवढाच अपवाद करावा.

## ६. दुहेरी आणि कोरे गेमवीक: एक पूर्ण उदाहरण

कधी एका क्लबचे एकाच गेमवीकमध्ये दोन सामने येतात आणि कधी एकही येत नाही. ही उलथापालथ कप स्पर्धांमुळे आणि हवामानामुळे होते, आणि बरीचशी आधी ओळखता येते. २०२४-२५ मधील लिव्हरपूलचे उदाहरण नीट पाहण्यासारखे आहे.

७ डिसेंबर २०२४ चा एव्हर्टन–लिव्हरपूल सामना डॅराग वादळामुळे पुढे ढकलला गेला आणि १२ फेब्रुवारी २०२५ ला ठेवला गेला. हा सामना कोणत्या गेमवीकमध्ये मोजला जाईल? नियम सोपा आहे: एका डेडलाइनपासून पुढच्या डेडलाइनपर्यंत जे खेळले जाते ते सगळे त्याच गेमवीकचे असते. २४वा गेमवीक १ फेब्रुवारीला सुरू झाला. त्यानंतरचा शनिवार-रविवार एफए कपकडे गेला आणि २५वा गेमवीक १४ फेब्रुवारीला सुरू झाला. म्हणून १२ तारखेचा सामना २४व्यात पडला आणि लिव्हरपूलला बोर्नमथ व एव्हर्टन असे दोन सामने मिळाले, दोन्ही बाहेरचे. सालाहने बोर्नमथविरुद्ध दोन गोल केले आणि संघाने क्लीन शीट राखली. एव्हर्टनविरुद्ध त्याने एक गोल व एक असिस्ट केला. बोनस न धरता हे २३ गुण होतात. कर्णधार म्हणून त्याचे ४६ झाले, आणि ज्यांनी कर्णधाराचे गुण तिप्पट करणारी ट्रिपल कॅप्टन ही खास सवलत, म्हणजे चिप, वापरली त्यांचे ६९ झाले. एव्हर्टन गोल कमी स्वीकारणारा संघ असूनही हे घडले. दुसऱ्या सामन्याची अतिरिक्त ९० मिनिटे काठिण्याच्या आकड्याहून बहुधा मोठी ठरतात.

त्याच सुमारास दुसरी गोष्ट घडत होती. लीग कपचा अंतिम सामना १६ मार्चला, म्हणजे २९व्या गेमवीकच्या दिवशी ठेवलेला होता. ५ आणि ६ फेब्रुवारीला उपांत्य फेरी संपली आणि न्यूकॅसल व लिव्हरपूल अंतिम फेरीत गेले. त्याच क्षणी तक्ता पाहणाऱ्याला कळले की २९व्यात लिव्हरपूल, न्यूकॅसल आणि त्यांचे त्या आठवड्याचे प्रतिस्पर्धी ॲस्टन व्हिला व क्रिस्टल पॅलेस हे चारही संघ कोरे राहणार. व्हिला–लिव्हरपूल सामना १९ फेब्रुवारीला हलवला गेला आणि त्यामुळे २५वा गेमवीक त्या दोघांसाठी दुहेरी झाला.

आता समजा, तुमच्या संघात त्या वेळी सालाह, लिव्हरपूलचा आणखी एक मध्यरक्षक व एक बचावपटू, न्यूकॅसलचा आघाडीवीर इसाक व एक बचावपटू, आणि व्हिलाचा एक मध्यरक्षक असे सहा जण आहेत. नवखा माणूस घाबरतो आणि २९व्याच्या तोंडावर सगळ्यांना विकून चार-चार गुण मोजतो. त्याऐवजी मोजणी करा. पंधरातून सहा गेले, नऊ राहिले. त्यांतला एक राखीव गोलरक्षक, म्हणजे उपयोगी आठ. अकराला तीन कमी आहेत, म्हणून तीनच बदल हवेत, आणि २५व्यापासून २९व्यापर्यंत पाच मोफत ट्रान्सफर मिळणार आहेत.

न्यूकॅसलचा बचावपटू सर्वांत आधी काढावा, कारण २५व्यात त्याला मँचेस्टर सिटीच्या मैदानावर आणि २७व्यात लिव्हरपूलच्या मैदानावर खेळायचे आहे. व्हिलाचा मध्यरक्षक २५व्याच्या दोन सामन्यांसाठी ठेवावा आणि २७व्याआधी त्याच्या जागी मँचेस्टर युनायटेडचा ब्रूनो फर्नांडिस आणावा. पेनल्टी घेणारा हा खेळाडू २७व्यात घरच्या मैदानावर इप्सविचशी आणि २९व्यात लेस्टरशी खेळणार होता. लिव्हरपूलचा बचावपटू २८व्यात साउथॅम्प्टनविरुद्धचा घरचा सामना खेळून मगच जावा. त्या हंगामात साउथॅम्प्टनने ३८ सामन्यांत फक्त २६ गोल केले. सालाह, लिव्हरपूलचा दुसरा मध्यरक्षक आणि इसाक एक आठवडा राखीव बाकावर बसतील आणि ३०व्यात परततील. त्यांना विकून पुन्हा विकत घेण्यात प्रत्येकी दोन ट्रान्सफर जातात, वर किमतीतल्या फरकाचा तोटा होतो. ११ खेळाडू पुरे झाले, दोन ट्रान्सफर शिल्लक राहिल्या आणि एकही गुण वजा झाला नाही.

कर्णधारांची ओळही याच हिशेबातून तयार होते: २४ ते २८ सालाह, २९ ला फर्नांडिस. लेस्टर त्या हंगामाअखेर खालच्या वर्गात गेला. युनायटेडने तो सामना ३-० ने जिंकला आणि फर्नांडिसने त्यात गोल केला. निकाल वेगळा लागला असता तरी निवड योग्यच राहिली असती, कारण ती तीन आठवडे आधी, विनाखर्च आणि हातच्या माहितीवर केलेली होती.

## ७. चिप ठेवताना

२०२५-२६ पासून मर्यादेविना ट्रान्सफर देणारे वाइल्डकार्ड, फ्री हिट, राखीव खेळाडूंचेही गुण मोजणारी बेंच बूस्ट आणि ट्रिपल कॅप्टन या चारही चिप हंगामाच्या प्रत्येक अर्ध्यात एकेकदा मिळतात, आणि पहिल्या अर्ध्यातल्या न वापरलेल्या चिप पुढे चालत नाहीत. दुहेरी गेमवीक बहुतेक उत्तरार्धात येतात, म्हणून पहिली ट्रिपल कॅप्टन त्यांची वाट पाहत न ठेवता घरच्या मैदानावरच्या, पुष्कळ गोल स्वीकारणाऱ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या एका सामन्याला वापरावी. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या बुधवारी युरोपात सामना नाही, हे पाहून आठवडा निवडावा. फ्री हिटने केलेला संघ एका आठवड्यापुरता असतो आणि नंतर जुना संघ परत येतो. अकरा भरायला चार-चार गुण मोजून तीनपेक्षा अधिक बदल करावे लागणार असतील, तेव्हाच ती वापरावी.

## ८. शेवटचे पाच आठवडे

३४व्या गेमवीकच्या सुमाराला सहा आठवड्यांचा तक्ता संपत येतो आणि साठवण्याचे कारणही उरत नाही, कारण ३८व्यानंतर शिल्लक राहिलेल्या ट्रान्सफरला काहीच किंमत नसते. इथून प्रत्येक ट्रान्सफर त्याच आठवड्याच्या कर्णधारासाठी वापरावी. गोल दिलेल्या-घेतलेल्यांच्या आकड्यांबरोबर आता गुणतक्ताही पाहावा: कोणाला युरोपातल्या जागेसाठी जिंकायचे आहे, कोण खालच्या वर्गात जाण्यापासून वाचण्यासाठी लढत आहे आणि कोणाचे सगळे आधीच ठरून गेले आहे. युरोपातल्या अंतिम सामन्याची वाट पाहणारा क्लब लीगमध्ये मुख्य खेळाडूंना बसवतो, म्हणून त्याच्या खेळाडूला कर्णधार करणे टाळावे. ३८व्या गेमवीकचे दहाही सामने एकाच वेळी सुरू होतात, आणि इतर आठवड्यांप्रमाणेच डेडलाइनपूर्वी कोणत्याही संघाची अंतिम यादी हाती येणार नाही. त्या दिवशी कर्णधार असा निवडा की ज्याच्या खेळण्याविषयी शंका नाही आणि ज्याच्या संघाला त्या सामन्यातून अजून काही मिळवायचे आहे.